मोजायलेत, मोजलंय अन् मोजलं: बीन, बीइंग आणि ‘हॅड’चा गोंधळ

*नमस्कार सर, मी बारावीला आहे, गाव पूर्णा तालुक्यात. व्हॉइस आणि डायरेक्ट-इनडायरेक्टचे तक्ते मला पाठ आहेत, तरी पेपरला बसलं की बीन आणि बीइंग उलटसुलट होतं आणि इनडायरेक्टमध्ये हॅड कधी लावायचं कधी नाही तेच कळत नाही. सराव परीक्षेत हे आलं होतं: द फार्मर सेड टु द तलाठी, ‘द ऑफिसर्स आर मेजरिंग माय फील्ड टुडे, बट दे डिड नॉट कॉल मी येस्टर्डे.’ मी लिहिलं: ‘द फार्मर टोल्ड टु द तलाठी दॅट द ऑफिसर्स हॅड मेजरिंग हिज फील्ड दॅट डे बट दे डिड नॉट हॅड कॉल्ड हिम येस्टर्डे.’ मार्क मिळाला नाही. कुठं चुकलं? आणि इनडायरेक्टचं परत डायरेक्ट करा म्हणले तर मूळ टेन्स कोणता होता ते कसं ओळखायचं?*

बेटा, आधी तुझ्या उत्तरात बरोबर काय आहे ते सांगतो, कारण ते बरंच आहे. ‘माय’चं ‘हिज’ केलंस, ‘मी’चं ‘हिम’ केलंस, ‘टुडे’चं ‘दॅट डे’ केलंस, म्हणजे कोण बोलतंय आणि कुणाबद्दल बोलतंय हे तुला नीट कळतंय. ‘येस्टर्डे’चं ‘द प्रीव्हियस डे’ करायचं राहिलं, ते घाईत होतं. ‘टोल्ड’च्या मागं ‘टु’ येत नाही, ‘टोल्ड द तलाठी’ एवढंच, ‘टु’ पाहिजे असेल तर ‘सेड टु’ ठेवायचं. या दोन्ही गोष्टी दोन दिवसात सुटतील. खरी अडचण क्रियापदात आहे, ‘हॅड मेजरिंग’ आणि ‘डिड नॉट हॅड कॉल्ड’ या दोन ठिकाणी, आणि ती तक्ता पाठ नसल्यामुळं नाही आली, तक्त्यावरच विसंबल्यामुळं आलीय.

कसं ते बघ. तक्ता वापरायचा म्हणजे आधी वाक्य वाचून टेन्सचं नाव आठवायचं, मग त्या नावाचा खाना शोधायचा, मग समोरच्या खान्यातलं नाव घ्यायचं, आणि त्या नावावरून पुन्हा इंग्रजी शब्द बनवायचे. पेपरात एका मार्कासाठी एवढ्या पायऱ्या चढताना एक जरी पाय घसरला तरी उत्तर गेलं. त्यात उजव्या बाजूच्या निम्म्या खान्यांत ‘हॅड’ दिसतं, म्हणून घाबरलेला हात सगळीकडं ‘हॅड’ टाकतो. मी वर्गात बघतो, हुशार पोरं पण ‘पास्ट’ ऐकलं की ‘हॅड’ लिहून मोकळी होतात. म्हणून मी सांगतो, पेपरात टेन्सचं नाव घेऊच नको, शब्दांकडं बघ.

इंग्रजीत क्रियापद बऱ्याचदा एकटं नसतं, दोन-तीन शब्दांचा गट असतो. ‘आर मेजरिंग’, ‘हॅज बीन मेजर्ड’, ‘विल मेजर’. या गटात काळ फक्त पहिल्या शब्दात असतो, बाकीच्यांना काळाशी देणंघेणं नसतं. आपल्याकडं सीझनला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला चालतो ना, वळवायचा तो फक्त ट्रॅक्टर, ट्रॉल्या मागून आपोआप येतात, ट्रॉलीला कुणी स्टिअरिंग लावत नाही, तसंच हे. इनडायरेक्ट करताना गटातला फक्त पहिला शब्द मागं न्यायचा आणि पुढचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे.

‘आर मेजरिंग’चा पहिला शब्द ‘आर’, त्याचं ‘वेअर’ झालं, ‘मेजरिंग’ तसंच राहिलं, उत्तर ‘वेअर मेजरिंग’. तू ‘आर’ काढून तिथं ‘हॅड’ ठेवलंस, पण ‘आर’ आणि ‘हॅड’ एका घरातले नाहीत. इज, ॲम, आर यांचं वॉज किंवा वेअर होतं. हॅज, हॅव यांचं हॅड होतं. विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट. इतकंच. ‘हॅज बीन वर्किंग’ आलं तर घाबरायचं नाही, ‘हॅज’चं ‘हॅड’ कर, ‘बीन वर्किंग’ हात न लावता लिही. ‘विल बी गिव्हन’ आलं तर ‘वुड बी गिव्हन’. शब्द कितीही लांब असू दे, बदल एकाच जागी.

आता तू म्हणशील की जिथं पहिला शब्द असा वेगळा दिसतच नाही तिथं काय, म्हणजे ‘ही वर्क्स’ किंवा ‘ही वर्क्ड’, क्रियापद एकटंच आहे. तिथं दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. ‘वर्क्स’ असेल तर ‘वर्क्ड’ होतं, एक पाऊल मागं. आणि ‘वर्क्ड’ असेल तर तो आधीच मागं गेलेला, त्याला आणखी मागं न्यायला एका शब्दात जागाच नाही, म्हणून ‘हॅड’ची मदत घ्यावी लागते आणि क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘वर्क्ड’चं ‘हॅड वर्क्ड’, ‘वेंट’चं ‘हॅड गॉन’, ‘सॉ’चं ‘हॅड सीन’. म्हणजे ‘हॅड’ दोन वाटांनी येतं, एक तर तिथं हॅज-हॅव होतं म्हणून, नाहीतर मूळ शब्द आधीच भूतकाळात होता म्हणून. या दोन्हीपैकी काहीच नसेल तर ‘हॅड’ लिहायचं नाही. तुझ्या पहिल्या भागात ‘आर’ होतं, दोन्हीपैकी काहीच नाही, तिथं ‘हॅड’ला जागा नव्हती.

‘वॉज’ आणि ‘वेअर’ पण आधीच मागं गेलेलेच, म्हणून त्यांचं ‘हॅड बीन’ होतं आणि पुढचं सगळं तसंच. ‘आय वॉज वॉटरिंग द कॉटन’ म्हणलं असेल तर ‘ही हॅड बीन वॉटरिंग द कॉटन’, ‘माय फोन वॉज स्टोलन’ असेल तर ‘हिज फोन हॅड बीन स्टोलन’. एक अपवाद, ‘वॉज बीइंग मेजर्ड’ असं आलं तर ते तसंच ठेव, ‘हॅड बीन बीइंग’ असं कुणी लिहीत नाही.

आता तुझा दुसरा भाग, ‘डिड नॉट कॉल’. डू, डज, डिड हे इंग्रजीत बहुतेक वेळा नकार द्यायला आणि प्रश्न विचारायला मदतीला बोलावलेले असतात, आणि आल्यावर काळ स्वतःच्या अंगावर घेतात, म्हणून ‘कॉल’ मूळ रूपात राहतो. ‘डिड नॉट कॉल’ म्हणजे ‘कॉल्ड’ला नकार, आणि ‘कॉल्ड’चं काय होतं, ‘हॅड कॉल्ड’. ‘हॅड’ आला की नकार सांभाळायला तोच पुरेसा आहे, ‘डिड’ची गरज संपली, तो निघून जातो. म्हणून ‘हॅड नॉट कॉल्ड’. तू ‘हॅड’ बरोबर ओळखलंस पण ‘डिड’ला जाऊ दिलं नाहीस, एका गाडीला दोन ड्रायव्हर झाले. पूर्ण उत्तर असं:

द फार्मर टोल्ड द तलाठी दॅट द ऑफिसर्स वेअर मेजरिंग हिज फील्ड दॅट डे, बट दॅट दे हॅड नॉट कॉल्ड हिम द प्रीव्हियस डे.

एकाच अवतरणात एका ठिकाणी ‘वेअर’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हॅड’ आलं हे नीट बघून घे, कारण तू आणि तुझ्यासारखी बरीच पोरं समजतात की पूर्ण वाक्याला एकच टेन्स लावायचा असतो. तसं नसतं. प्रत्येक क्रियापद स्वतःच्या जागेवरून एक पाऊल मागं जातं, जो आज होता तो कालवर येतो, जो काल होता तो परवावर जातो.

हे तुला अवघड का जातंय याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. आपण घरी काय म्हणतो, ‘आबा तलाठ्याला म्हणले की माझं शेत मोजायलेत आज, पण काल मला बोलावलंच नाही.’ बघ, ‘म्हणले’ हे काल-परवाचं असलं तरी ‘मोजायलेत’ जागचं हललं नाही. मराठीत ‘की’ लावला की आतलं वाक्य जसंच्या तसं ठेवता येतं, काळ सरकवावा लागत नाही. म्हणून ‘ही सेड दॅट दे आर मेजरिंग’ हे तुझ्या कानाला चुकीचं वाटतच नाही. इथं कानावर विश्वास ठेवायचा नाही, हात मुद्दाम मागं न्यायचा.

प्रश्नांचं पण तेच. मराठीत ‘तिनं विचारलं की तू कुठं राहतोस’ यात प्रश्न प्रश्नासारखाच राहतो. इंग्रजीत ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हे इनडायरेक्टमध्ये गेलं की प्रश्न उरत नाही, साधं वाक्य होतं, म्हणून कर्ता आधी येतो आणि ‘डू’ निघून जातो: शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड. ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ लिहिलं की मार्क गेला, आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं तरी गेला. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल, ‘हॅव यू फिल्ड द फॉर्म?’ असा, तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लावायचा आणि कर्ता आधी: ही आस्क्ड मी इफ आय हॅड फिल्ड द फॉर्म. यात ‘दॅट’ येत नाही, ‘आस्क्ड मी दॅट इफ’ असं बरेच जण लिहितात ते मराठीतल्या ‘की’मुळं.

आणि कधी मागं न्यायचंच नाही? सगळ्यात आधी अवतरणाच्या बाहेरचं क्रियापद बघायचं. ‘सेज’ किंवा ‘विल से’ असेल तर आत काहीही हलत नाही, फक्त मी-तू बदलायचं. पेपर काढणारे ‘सेड’च्या रांगेत एखादं ‘सेज’ घालू शकतात, घाईत लक्षात येत नाही, म्हणून पेन टेकवायच्या आधी त्या शब्दाला गोल कर. मग कायम खरी असणारी गोष्ट, ‘द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन’ असली, ती आहे तशी ठेवायची. कुड, वुड, शुड, माइट हे आधीच मागचे, ते हलत नाहीत, आणि ‘हॅड गॉन’ असं आधीच ‘हॅड’ असेल तर त्याच्या मागं जायला जागा नाही, तेही तसंच. ‘मस्ट’ तसाच ठेवला तरी चालतो, पण ‘करावंच लागतं’ असा अर्थ असेल तर ‘हॅड टु’ जास्त बरं. आणि ‘इफ आय हॅड अ बाइक, आय वुड कम डेली’ असलं वाक्य आलं, म्हणजे बाइक नाहीच आहे, नुसती कल्पना आहे, तर तिथं ‘हॅड’ भूतकाळ दाखवतच नाही, त्याला हलवायचं नाही, ‘इफ ही हॅड अ बाइक, ही वुड कम डेली’ एवढंच.

एक सांगून ठेवतो, बोलण्यातल्या इंग्रजीत ‘वेंट’चं ‘हॅड गॉन’ दर वेळी करत नाहीत, ‘ही सेड ही वेंट टु नांदेड’ असं सर्रास म्हणतात आणि ते चूक नाही. इंग्रजी बातम्या ऐकणारी पोरं हे पकडतात आणि मला विचारतात. पण परीक्षेतल्या रूपांतराच्या प्रश्नात शाळेतल्या व्याकरणाप्रमाणं एक पाऊल मागं नेलेलंच उत्तर अपेक्षित असतं, तिथं ‘हॅड गॉन’च लिही.

आता बीन-बीइंग. हे व्हॉइसमधलं दुखणं आहे आणि याचा पण इलाज त्याच शब्दांच्या गटात आहे. पॅसिव्ह करताना नेमकं होतं काय तर मुख्य क्रियापदाच्या आधी एक नवीन ‘बी’ येऊन बसतो. मुख्य क्रियापद आधी ज्या रूपात होतं ते रूप हा ‘बी’ स्वतः घालतो, आणि मुख्य क्रियापद सरकून तिसऱ्या रूपात जातं. एवढी एकच हालचाल आहे, सगळ्या टेन्समध्ये हीच.

लावून बघू. ‘आर मेजरिंग’मध्ये मुख्य क्रियापदाला ‘इंग’ आहे. नवीन आलेला ‘बी’ ते ‘इंग’ घेणार, म्हणजे ‘बीइंग’ होणार, आणि ‘मेजरिंग’चं ‘मेजर्ड’ होणार. शेत एकच आहे म्हणून ‘आर’च्या जागी ‘इज’: माय फील्ड इज बीइंग मेजर्ड. आता ‘हॅव मेजर्ड’ घे. इथं मुख्य क्रियापद तिसऱ्या रूपात आहे, ‘बी’ तिसरं रूप घेणार, ‘बी’चं तिसरं रूप ‘बीन’: माय फील्ड हॅज बीन मेजर्ड. ‘विल मेजर’मध्ये क्रियापद मूळ रूपात, म्हणून ‘बी’ पण मूळ रूपातच: विल बी मेजर्ड. नुसतं ‘मेजर्ड’, म्हणजे साधा भूतकाळ, तर ‘बी’ भूतकाळात जाणार, ‘वॉज मेजर्ड’. बघितलंस, बीन का बीइंग हे पाठ करायचंच नाही, समोरच्या वाक्यात ‘इंग’ दिसलं की ‘बीइंग’, हॅज-हॅव-हॅड दिसलं की ‘बीन’. आणि दोन्ही एकदम दिसलं, ‘हॅव बीन मेजरिंग’ असं, तर त्याचं पॅसिव्ह सहसा करतच नाहीत, ‘विल बी मेजरिंग’चं पण नाही, म्हणून परीक्षेत ते विचारायचा संबंध कमीच.

आणि इथं आपली मराठवाड्याची बोली तुझ्या उपयोगाची आहे, काळ सरकवताना कान फसवतो पण इथं फसवत नाही. आपण ‘मोजत आहेत’ म्हणत नाही, ‘मोजायलेत’ म्हणतो, आणि ‘मोजलंय’ ते वेगळं, नुसतं ‘मोजलं’ ते आणखी वेगळं. तिघांत कुणी गोंधळत नाही, लहान पोरगं पण नाही. ‘शेत मोजायलेत’ म्हणजे काम चालू आहे, टेप अजून शेतात आहे, तिथं बीइंग. ‘शेत मोजलंय’ म्हणजे काम होऊन बसलंय आणि आता त्याचा कागद हातात आहे, तिथं बीन. ‘काल मोजलं’ म्हणजे दोन्ही नाही, नुसतं वॉज. पॅसिव्ह लिहून झालं की मनात एकदा आपल्या बोलीत म्हणून बघ, मूळ वाक्य ‘मोजायलेत’ असेल आणि तुझ्या उत्तरात ‘बीन’ आलं असेल तर लगेच खटकेल. फक्त ‘पाच वर्षापासून इथं राहायलोय’ असल्या वाक्याला हे लावू नको, तिथं इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणतं, पण त्याचा पॅसिव्ह करायचा प्रश्नच येत नाही.

‘डिड’चं व्हॉइसमध्ये पण तेच होतं. ‘दे डिड नॉट कॉल मी’मध्ये काळ ‘डिड’नं धरलाय, पॅसिव्हमध्ये ‘बी’ आला की तोच काळ पण धरतो आणि नकार पण, ‘डिड’ला सुट्टी: आय वॉज नॉट कॉल्ड. ‘डिड ही रिपेअर द पंप?’चं ‘वॉज द पंप रिपेअर्ड बाय हिम?’ होतं. हा प्रश्न इनडायरेक्टसारखा साधं वाक्य होत नाही बरं का, व्हॉइस बदलला तरी प्रश्न प्रश्नच राहतो, म्हणून ‘वॉज’ पुढंच उभा आणि प्रश्नचिन्ह पण ठेवायचं. मागं ‘बाय देम’, ‘बाय समवन’ लिहायचं का, तर करणारा कोण आहे यानं काही फरक पडत नसेल तर सोडून दिलं तरी चालतं, पण वाक्यात नाव किंवा पद दिलेलं असेल, ‘द ऑफिसर्स’ असं, तर ‘बाय द ऑफिसर्स’ लिहून टाक, परीक्षकाला शंका घ्यायला जागा नको.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं तेही सांगतो, याला अर्धा मिनिट लागतो. क्रियापदाच्या गटातले शब्द मोज, नॉट सोडून. व्हॉइस बदलला असेल तर बरोबर एक शब्द वाढला पाहिजे: ‘आर मेजरिंग’ दोन, ‘इज बीइंग मेजर्ड’ तीन. ‘हॅव मेजर्ड’ दोन, ‘हॅज बीन मेजर्ड’ तीन. एकही वाढला नसेल तर ‘बी’ घालायचा राहिला, ‘माय फील्ड इज मेजरिंग’ असं काहीतरी झालंय, म्हणजे शेतच उठून काहीतरी मोजायलंय. इनडायरेक्ट केलं असेल तर शब्दांची संख्या तेवढीच राहते, फक्त साधा भूतकाळ आणि वॉज-वेअर असेल तिथं एक वाढतो, कारण तिथं ‘हॅड’ मदतीला आला. डू-डिड असलेल्या वाक्यांत मात्र संख्या वाढत नाही, तिथं एक जातो एक येतो. तुझं ‘डिड नॉट हॅड कॉल्ड’ मोज, नॉट सोडून तीन शब्द, मूळ ‘डिड कॉल’ दोन होते, वाढायला नको होतं, इथंच पकडता आलं असतं.

आता दोन्ही एकत्र करू, म्हणजे पकडीत येईल. समज तोच शेतकरी पॅसिव्हमध्ये बोलला: ‘माय फील्ड इज बीइंग मेजर्ड टुडे, बट आय वॉज नॉट कॉल्ड येस्टर्डे.’ याचं इनडायरेक्ट कर. पहिल्या गटाचा पहिला शब्द ‘इज’, त्याचं ‘वॉज’, ‘बीइंग मेजर्ड’ला हात नाही. दुसऱ्याचा पहिला शब्द ‘वॉज’, त्याचं ‘हॅड बीन’, ‘कॉल्ड’ला हात नाही, ‘नॉट’ ‘हॅड’च्या मागं. मिळून: द फार्मर सेड दॅट हिज फील्ड वॉज बीइंग मेजर्ड दॅट डे, बट दॅट ही हॅड नॉट बीन कॉल्ड द प्रीव्हियस डे. एका वाक्यात बीइंग पण आलं, बीन पण आलं, आणि दोन्ही आपापल्या कारणानं आले. हे वाक्य वहीत लिही आणि झाकून परत लिहून बघ, दोनदा-तीनदा, जमलं की मग ‘मेजर’च्या जागी ‘रिपेअर’ घे, ‘स्टील’ घे, ‘राइट’ घे, तिसरी रूपं वेगळी असलेली मुद्दाम घे.

शेवटी उलटा प्रवास, इनडायरेक्टवरून डायरेक्ट. इथं खरी अडचण अशी की दोन वेगवेगळ्या गोष्टी ‘हॅड’मध्ये येऊन एक झालेल्या असतात. ‘द बॉय सेड दॅट ही हॅड लॉस्ट हिज हॉल टिकेट.’ पोरगं मुळात काय म्हणलं होतं, ‘आय हॅव लॉस्ट माय हॉल टिकेट’ की ‘आय लॉस्ट माय हॉल टिकेट’? दोन्ही ‘हॅड लॉस्ट’च होतात, नुसत्या क्रियापदावरून सांगता येत नाही. म्हणून वेळेचा शब्द शोधायचा. ‘द प्रीव्हियस डे’ असेल तर ते मुळात ‘येस्टर्डे’ होतं, आणि इंग्रजीत ‘येस्टर्डे’सोबत ‘हॅव लॉस्ट’ चालत नाही, तिथं साधा भूतकाळच लागतो: ‘आय लॉस्ट माय हॉल टिकेट येस्टर्डे.’ ‘टू डेज बिफोर’ असेल तर तेही ‘टू डेज अगो’, म्हणजे पुन्हा साधा भूतकाळ. पण ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ यातलं काही असेल तर ‘हॅव’: ‘आय हॅव जस्ट लॉस्ट माय हॉल टिकेट.’ वेळेचा काहीच शब्द नसेल तर व्याकरणानं दोन्ही बरोबर आहेत, मी पोरांना ‘हॅव’ लिहायला सांगतो, कारण वेळ न सांगता ‘हरवलंय’ म्हणणं हेच तिथं स्वाभाविक वाटतं, हॉल टिकेट अजून सापडलेलं नाही. ‘वॉज’ किंवा ‘वेअर’सोबत ‘इंग’ दिसलं तर सरळ इज-ॲम-आरवर आण, ‘वुड’ दिसलं तर ‘विल’वर. ‘आस्क्ड इफ’ किंवा ‘आस्क्ड व्हेअर’ असेल तर परत प्रश्न बनवायचा, म्हणजे मदतीचा शब्द कर्त्याच्या पुढं आणायचा, आणि असा शब्द नसेल, नुसतं ‘आय लिव्ह्ड’ असेल, तर निघून गेलेल्या ‘डू’ला परत बोलवायचं: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ अवतरणचिन्हं, ‘सेड’नंतरचा स्वल्पविराम आणि आतल्या वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, हे लिहायला विसरू नको, डायरेक्टमध्ये उत्तर बरोबर असून त्यावरच मार्क जायची भीती असते.